केतूची सात वर्षं: हानी, विरक्ती आणि उमज वेगवेगळी कशी वाचायची

केतू महादशा लागणार म्हटलं की दोन प्रकारची भाकितं ऐकू येतात. पहिलं, ‘सगळं हातचं जाईल.’ दुसरं, ‘अध्यात्माकडे ओढा वाढेल.’ दोन्ही पत्रिका न उघडता सांगता येतात, आणि गडबड तिथूनच सुरू होते. हानी, विरक्ती आणि उमज या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या वेगवेगळ्या स्थानांवरून आणि वेगवेगळ्या अंतर्दशांत वाचायच्या असतात. तिघींची एकच खिचडी केली की जातकाला नुसती भीती मिळते.

शास्त्र या सात वर्षांचं वाचन कोणत्या क्रमाने करायला सांगतं आणि त्यात चुका कुठे होतात, तेवढंच खाली लिहितो. एक पत्रिका शेवटपर्यंत सोबत ठेवतो. ती माझ्या एका मित्राच्या भाच्याची आहे, आणि तिच्यात माझंही एक भाकीत चुकलेलं आहे.

## तयारी: बसण्याआधी हाताशी काय हवं

जन्मवेळ कुठून आली ते आधी विचारा. रुग्णालयाच्या कागदावरची वेळ आणि ‘आई म्हणते पहाटे पाचच्या सुमारास’ ही वेळ यांत फार फरक असतो. त्यानंतर चंद्राचं स्पष्ट स्थान अंश-कलांसह, वापरलेला अयनांश, आणि राहू-केतू मध्यम घेतलेत की स्पष्ट, या तीन गोष्टी टिपून ठेवा. मध्यम आणि स्पष्ट केतूमध्ये कधीकधी दीड अंशाच्या आसपास फरक पडतो. केतू राशीच्या कडेला असेल तर तेवढ्याने रास बदलते, आणि रास बदलली की पुढचं सगळं वाचन बदलतं.

जातकाकडून आणखी एक गोष्ट मागा: गेल्या दहा-बारा वर्षांतल्या पाच-सहा ठळक घटना, महिन्यासकट. त्या नसतील तर पडताळणी कशाने करणार?

## टप्पा १: महादशा नेमकी कधी लागते ते स्वतः काढा

सॉफ्टवेअरने दिलेली तारीख एकदा हाताने पडताळा. पाच मिनिटांचं काम आहे.

आमच्या पत्रिकेत चंद्र वृश्चिकेत ८ अंश ४० कलांवर आहे. अनुराधा नक्षत्र वृश्चिकेच्या ३ अंश २० कलांपासून १६ अंश ४० कलांपर्यंत, म्हणजे एकूण ८०० कलांचं. चंद्राने त्यातल्या ३२० कला ओलांडल्या आणि ४८० उरल्या. अनुराधा शनीचं नक्षत्र आणि शनीची महादशा १९ वर्षांची. १९ ला ४८० ने गुणून ८०० ने भागलं की ११.४ वर्षं येतात, म्हणजे ११ वर्षं ४ महिने २४ दिवस. ही जन्मवेळची भोग्य शनी दशा. पुढे बुधाची १७ वर्षं. म्हणून केतू महादशा वयाच्या २८ वर्षं ४ महिने २४ दिवसांनी लागते आणि बरोबर सात वर्षांनी, ३५ वर्षं ४ महिने २४ दिवसांनी संपते.

याच हिशोबाने पाहिलं तर पुष्य, अनुराधा, उत्तराभाद्रपदा या शनीच्या नक्षत्रांवर जन्मलेल्यांना केतू १७ ते ३६ या वयात सुरू होतो. गुरूच्या नक्षत्रांवर जन्मलेल्यांना तो ३६ ते ५२ मध्ये, आणि राहूच्या नक्षत्रांवर जन्मलेल्यांना ५२ ते ७० मध्ये. बुधाच्या नक्षत्रांवर जन्मलेल्यांना तो सतरा वर्षांच्या आतच सुरू होतो. अश्विनी, मघा, मूळ नक्षत्रांवर जन्मलेल्यांची तर सुरुवातच केतूत होते. या शेवटच्या दोन गटांत ही दशा बहुतेक लहानपणीच पडते, त्यामुळे विरक्ती वगैरे शोधत बसू नका. लहान मुलाची दशा आई-वडिलांच्या परिस्थितीतून वाचायची असते.

इथे हमखास चुकतं: चंद्राला एक नक्षत्र ओलांडायला साधारण एक दिवस लागतो. म्हणून शनीच्या नक्षत्रावर जन्म असेल आणि जन्मवेळ एका तासाने चुकली, तर केतू महादशा साडेनऊ महिन्यांनी सरकते. दहा मिनिटांची चूक म्हणजे दीड महिन्याहून थोडं जास्त. लाहिरी आणि रामन अयनांशांत जवळपास दीड अंशाचा फरक आहे, तो याच पत्रिकेत दोन वर्षांच्या आसपास जातो. काही जण ३६० दिवसांचं वर्ष धरतात, काही ३६५.२५ दिवसांचं. अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत हा फरक पाच महिन्यांवर पोहोचतो. कोणती पद्धत बरोबर हा वाद इथे उकरत नाही. मी लाहिरी आणि ३६५.२५ दिवस धरतो. तुम्ही जे धराल ते एका पत्रिकेत मध्येच बदलू नका. घटना जुळेना म्हणून अयनांश बदलणं ही वाचनातली लबाडी आहे.

पडताळा: केतूच्या आधी बुध महादशा लागली होती. आमच्या पत्रिकेत ती वयाच्या ११ वर्षं ५ महिन्यांच्या आसपास. त्या सुमाराला शाळा, राहतं घर किंवा घरातली माणसं यांत काही ठळक बदल झाला का ते विचारा. या मुलाचं कुटुंब त्याच वर्षी दुसऱ्या शहरात गेलं होतं. तारीख ढोबळमानाने बसते, एवढं यावरून धरायला हरकत नाही.

## टप्पा २: केतूचं स्थान पाहा, पण निकाल राशीस्वामीकडे मागा

केतूला पारंपरिक वाटपात स्वतःची रास नाही. लघुपाराशरीतला नियम असा की राहू-केतू ज्या भावात असतात आणि ज्या भावेशाबरोबर असतात, त्याची फळं ते जोराने देतात. ‘केतू मंगळासारखा’ हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं, पण ते स्वभावापुरतं. फळ कोणत्या खात्यातून वजा होणार किंवा कोणत्या खात्यात जमा होणार, हे केतूचा राशीस्वामी सांगतो.

आता पत्रिका समोर ठेवू. मकर लग्न. धनस्थानात कुंभेत सूर्य, गुरू आणि शुक्र. तिसऱ्या स्थानात मीनेत बुध. चौथ्यात मेषेत राहू. दहाव्यात तुळेत केतू, एकटा. अकराव्यात वृश्चिकेत चंद्र, मंगळ आणि शनी.

केतू दशमात आहे, म्हणजे विषय कामाचा. इथे थांबलात तर ‘नोकरी जाणार’ असं म्हणून मोकळे व्हाल. पण तुळेचा स्वामी शुक्र पाहा. मकर लग्नाला तो पंचमेश आणि दशमेश, म्हणजे योगकारक. तो धनस्थानात आहे, सूर्याबरोबर असला तरी अस्ताच्या मर्यादेबाहेर आहे. ज्याच्या घरात केतू बसला आहे तो घरमालक धडधाकट आहे. असं असताना काम हिसकावलं जाईल हे वाचन टिकत नाही. काम राहील, कामाशी असलेलं नातं बदलेल.

दृष्टीही लगेच पाहून घ्या. कुंभेतला गुरू नवव्या दृष्टीने तुळेतल्या केतूकडे पाहतो. मकर लग्नाला गुरू तृतीयेश आणि व्ययेश. व्ययेशाची नजर दशमातल्या केतूवर असणं म्हणजे सोडण्याचा विषय कामातच येणार. मात्र नजर गुरूची आहे, म्हणून ते सोडणं डोळसपणे होण्याची शक्यता मोठी.

आणि एक कोपरा दुखरा आहे. शुक्र-गुरूंच्या शेजारी सूर्य बसला आहे आणि तो अष्टमेश आहे. केतूचं फळ ज्या धनस्थानात उतरतं तिथेच अष्टमेश. पैशाला कुठेतरी धक्का बसेल, तो या दारातून. वृश्चिकेतला मंगळही चौथ्या दृष्टीने याच कुंभेकडे पाहतो, म्हणजे घाईचा निर्णय.

थांबा आणि तपासा: एवढं झाल्यावर एका कागदावर तीन ओळी लिहा. विषय कोणता, म्हणजे केतूचा भाव. फळ कुठे उतरणार, म्हणजे राशीस्वामीचा भाव. वाटेत कोण भेटतं, म्हणजे युती आणि दृष्टी. आमच्या ओळी अशा झाल्या: काम; पैसा आणि कुटुंब; गुरू बरा, सूर्य त्रासाचा. या तीन ओळी होत नाहीत तोवर अंतर्दशांचं पान उघडू नका.

## टप्पा ३: आधीच्या बुधाने काय जमवलं ते विचारा

हा टप्पा बहुतेक जण गाळतात. विंशोत्तरीत केतू नेहमी बुधानंतर येतो. सतरा वर्षं बुध शिक्षण, ओळखी, हिशोब, बोलणी, व्यवहार असं काहीबाही जमवत असतो. केतू जे सोडायला लावतो ते बहुधा या जमवलेल्यातलंच असतं. जमाच नसेल तर वजा कशातून होणार?

आमच्या पत्रिकेत बुध षष्ठेश आणि भाग्येश आहे आणि मीनेत नीच. पण मीनेचा स्वामी गुरू चंद्रापासून चौथ्यात, केंद्रात आहे, म्हणून नीचभंग होतो. अशा बुधाने काय दिलं? वाणिज्य शाखेची पदवी, मग एका कंपनीच्या हिशोब विभागात नोकरी, दोन बढत्या, आणि प्रचंड गोतावळा. हा मुलगा दिवसातून चाळीस जणांशी बोलायचा. केतू लागेल तेव्हा या यादीतलं काय गळेल, हा खरा प्रश्न होता.

## टप्पा ४: तीन कसोट्या लावा

पत्रिकेतल्या खुणा आधी सांगतो, मग जातकाला विचारायचे प्रश्न. दोन्ही जुळले तरच नाव द्यायचं.

### हानी

वस्तू गेली पण मन तिथेच राहिलं, ती हानी. यासाठी केतू किंवा त्याचा राशीस्वामी सहाव्या, आठव्या, बाराव्या स्थानाच्या स्वामीशी जोडलेला हवा आणि ज्या भावाची गोष्ट आहे त्याचा स्वामीही दुबळा हवा. नुसता केतू धनस्थानात आहे म्हणून धनहानी, हे अर्धवट वाचन. धनेश बलवान असेल तर तोच केतू पैशाबद्दल बेफिकिरी देतो, पैसा जात नाही.

विचारायचा प्रश्न एकच: ‘गेलेलं परत मिळालं तर घ्याल का?’ उत्तर पटकन ‘हो’ आलं तर हानी.

### विरक्ती

वस्तू जागेवर आहे, मन उठलं. यात भावेश धडधाकट असतो, म्हणून वस्तू टिकते. आणि केतूचा संबंध लग्न, चंद्र किंवा दशम यांच्याशी असतो, म्हणून माणसाची ओढ कमी होते. वर विचारलेल्या प्रश्नाला इथे ‘नको’ असं उत्तर येतं आणि त्या ‘नको’त राग नसतो. राग असेल तर ती दुखावलेली हानी आहे, विरक्ती नव्हे. बढती नाकारली गेल्यावर ‘मला तसंही नकोच होती’ म्हणणारे आपण सगळे पाहिले आहेत.

सावधान: झोप उडाली आहे, जेवण तुटलं आहे, आवडीच्या कशातच मन नाही, जगण्यात अर्थ नाही अशी भाषा येते आहे, तर त्याला ‘केतूची विरक्ती’ म्हणू नका. पत्रिका मिटा आणि त्या माणसाला डॉक्टरकडे न्या. विरक्त माणूस नको त्या गोष्टी सोडतो, पण सकाळी उठून चहा पितो, ठरलेलं काम करतो, आपल्या माणसांशी बोलतो. हा फरक ओळखता येत नसेल तर केतू महादशेवर बोलण्याचा आपल्याला अधिकार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

### उमज

आधी दिसत नव्हतं ते दिसू लागलं, ती उमज. केतूवर किंवा राशीस्वामीवर गुरूची, पंचमेशाची किंवा भाग्येशाची नजर असावी लागते. आठव्या-बाराव्याचा संबंध असेल तर ती खोल जाते, आणि सोबत काहीतरी सोडावंही लागतं.

इथे प्रश्न असा: ‘दोन वर्षांपूर्वी दिसत नव्हतं असं आता नेमकं काय दिसतं? एका वाक्यात सांगा.’ उत्तर ‘सगळी माया आहे’ असं आलं तर ती उमज नाही, ते प्रवचनातलं वाक्य आहे. खरी उमज छोटी आणि ठोस असते.

गोंधळ होतो तो इथे: एकाच घटनेत दोन गोष्टी असू शकतात, पण त्या दोन भावांतल्या असतात. नोकरीबद्दल विरक्ती आणि त्याच वेळी पैशाची हानी, हे शक्य आहे. एकाच भावाला एकाच वेळी दोन्ही लेबलं लावलीत तर कसोटी नीट लागलेली नाही.

## टप्पा ५: सात वर्षांचे नऊ तुकडे करा

केतू महादशेतल्या अंतर्दशा क्रमाने अशा: केतू ४ महिने २७ दिवस, शुक्र १ वर्ष २ महिने, सूर्य ४ महिने ६ दिवस, चंद्र ७ महिने, मंगळ ४ महिने २७ दिवस, राहू १ वर्ष १८ दिवस, गुरू ११ महिने ६ दिवस, शनी १ वर्ष १ महिना ९ दिवस, बुध ११ महिने २७ दिवस. बेरीज बरोबर ८४ महिने होते. सात वर्षं सरसकट एकच रंग नसतो, हे एवढ्यावरूनच लक्षात यावं. आता आमच्या पत्रिकेत काय झालं ते पाहू.

केतूत केतू. माझी चूक इथली. दशमात केतू, त्याचीच महादशा, त्याचीच अंतर्दशा, म्हणून मी त्याला म्हणालो, ‘या पाच महिन्यांत नोकरी सुटेल.’ काहीही झालं नाही. महादशास्वामी स्वतःच्या अंतर्दशेत आपलं खरं फळ देत नाही, हा नियम मला पाठ होता आणि तरी मोह आवरला नाही. प्रत्यक्षात झालं ते एवढंच की तो दुपारच्या जेवणाला एकटा बसू लागला. पूर्वी सगळी टोळी घेऊन बसायचा. बुधाच्या गोतावळ्यातली पहिली गळती ती होती. मी ती टिपलीसुद्धा नाही, कारण मी मोठ्या घटनेची वाट पाहत होतो.

केतूत शुक्र, वय २८ वर्षं ९ महिन्यांपासून २९ वर्षं ११ महिन्यांपर्यंत. शुक्र दशमेश, योगकारक. बढती आली. त्याने ती नाकारली. कसोटीचा प्रश्न मी तेव्हा विचारला. तो म्हणाला, ‘काका, देणाऱ्यांवर राग नाही. पण ती खुर्ची बघितली आणि मला तिथे मी दिसलोच नाही.’ वस्तू समोर होती, मन नव्हतं. विरक्ती, दशम भावाची. शुक्र बिघडलेला असता तर बढती आलीच नसती आणि मग हीच गोष्ट हानीत गेली असती.

केतूत सूर्य. चारच महिने, पण अष्टमेश धनस्थानात. एका नातेवाइकाच्या धंद्यात त्याने साठवलेल्यातली मोठी रक्कम तोंडी बोलीवर घातली. ती बुडाली. ‘परत मिळाली तर घेशील का?’ म्हटल्यावर तो उसळून म्हणाला, ‘घेईन का म्हणजे? आज घेईन!’ ही हानी. इथे ‘केतूने मोह सोडवला’ असली मखलाशी करू नका. पैसे बुडाले ते बुडाले. कागद न करता व्यवहार केला, तेही स्पष्ट सांगावं.

चंद्र आणि मंगळ या अंतर्दशांत फार काही घडलं नाही. दोघेही लाभस्थानात. पगार नियमित आला, मन अस्वस्थ राहिलं.

केतूत राहू. याकडे नीट लक्ष द्या. राहू केतूच्या बरोबर समोर असतो, म्हणून वर्षभर माणूस दोन टोकांना ओढला जातो. जे सोडलं त्याचीच हाव पुन्हा येते. राहू चौथ्यात असल्याने घर बदललं, मग नोकरी सोडली, आणि दोनच महिन्यांत जुन्या पदासाठी इकडेतिकडे अर्ज करू लागला. तेव्हा त्याला प्रश्न विचारला असता तर उत्तर ‘हो’ आलं असतं, आणि मी विरक्तीचं वाचन खोडून टाकलं असतं. म्हणून राहूच्या अंतर्दशेतलं उत्तर वहीत लिहा, पण त्यावर निकाल देऊ नका. जातकानेही या काळात शक्यतो न उलटवता येणारे निर्णय घेऊ नयेत.

केतूत गुरू, वय ३२ वर्षं ४ महिन्यांपासून ३३ वर्षं ३ महिन्यांपर्यंत. गुरूची नवमदृष्टी केतूवर, आणि तो व्ययेश. एक दिवस तो आपणहून म्हणाला, ‘मला हिशोब आवडतात असं मी समजत होतो. मला हिशोबातली चूक शोधायला आवडतं.’ एक वाक्य, ठोस, आणि दोन वर्षांपूर्वी न दिसणारं. उमज ती हीच. ध्यान नाही, तीर्थयात्रा नाही. त्यानंतर तो अडलेल्या हिशोबांची तपासणी स्वतंत्रपणे करू लागला. एकट्याने बसून, दार लावून. दशमातल्या केतूला यापेक्षा मानवणारं काम मला सुचत नाही.

केतूत शनी. लग्नेश आणि धनेश लाभात. उत्पन्न हळूहळू रुळावर आलं. पूर्वीच्या पगाराइतकं नाही, पण दर महिन्याला येणारं.

## टप्पा ६: गोचर वेगळ्या रकान्यात लिहा

इथे एक सापळा होता. या पत्रिकेत जन्मतःच चंद्र आणि शनी दोघेही वृश्चिकेत. शनी सुमारे साडेएकोणतीस वर्षांनी मूळ जागी येतो. म्हणजे केतूत शुक्र चालू असतानाच गोचर शनी चंद्रावर आला, साडेसातीचा मधला टप्पा. ‘हे सगळं साडेसातीचं’ असं सांगणारे त्याला भरपूर भेटले.

माझी पद्धत अशी. कोणत्या भावाचा विषय निघेल हे महादशा आणि अंतर्दशेवरून ठरवायचं. त्याचं ओझं किती वाटेल आणि कोणत्या महिन्यात टोचेल हे गोचरावरून. बढती आली आणि त्याने ती सोडली, हा विषय दशमाचा, म्हणून दशेचा. ती सोडताना तीन आठवडे त्याला झोप लागली नाही, हे चंद्रावरच्या शनीचं. दोन्ही एकाच रकान्यात लिहिलंत तर पुढे साडेसाती संपल्यावर केतूही निवळला असं वाटतं, आणि उरलेल्या वर्षांचं वाचन चुकतं.

## टप्पा ७: सांगताना काय सांगायचं, काय नाही

जातकाला भाव सांगा, कालखंड सांगा, आणि कसोटीचा प्रश्न त्याच्या हातात द्या. मृत्यू, आजाराचं नाव, घटस्फोट असे शब्द केतूच्या नावावर खपवू नका. एका ग्रहाच्या दशेवरून ते वाचता येत नाहीत. घाबरलेल्या माणसाला लगेच लसण्या घ्यायला लावणारेही आहेत. माझ्या मते भीती ओसरेपर्यंत कोणतंच रत्न सुचवू नये.

आणि शेवटची अंतर्दशा हलकी समजू नका. केतूत बुध ही दशाछिद्राची वेळ, म्हणजे महादशेचं शेवटचं टोक. पुढे शुक्राची वीस वर्षं आहेत म्हणून लोक आधीच उतावीळ होतात. पण बुध जाता जाता जुनं बुधाचं खातं एकदा उघडून दाखवतो: जुन्या ओळखी, जुनी नोकरी, जुनी देणी. पहिला कसोटीचा प्रश्न पुन्हा विचारायची जागा हीच, कारण आता राहूची ओढाताण नसते.

आमच्या पत्रिकेत केतूत बुध लागून चार महिने झाले असतील. जुन्या कंपनीने त्याला परत बोलावलं, त्याच खुर्चीसाठी, पगार वाढवून. त्याने मला फोन केला आणि मी काही विचारायच्या आतच म्हणाला, ‘काका, तुमचा प्रश्न मीच मला विचारला.’

‘मग?’

‘खुर्ची नको म्हणालो. जुळत नसलेल्या फाइली पाठवा म्हटलं.’

पहिली फाइल त्याच आठवड्यात आली. मी वहीत तारीख टाकली आणि दशमासमोर ‘विरक्ती’ असं शाईने लिहिलं. तोवर ते पेन्सिलने लिहिलेलं होतं.